जेएआयआयबी परीक्षा: विषयवार उत्तीर्णता, ४५ गुणांची सवलत आणि पुढे चालणारे विषय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूर शहरातील आणि जिल्ह्यातील शाखांमध्ये काम करणारे लिपिक, रोखपाल आणि नव्याने रुजू झालेले अधिकारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सच्या जेएआयआयबी परीक्षेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. अभ्यास कसा करावा, यापेक्षा कोणता विषय केव्हा सुटला असे धरले जाते आणि तो किती काळ सुटलेला राहतो, याच मुद्द्यावर येथे भर आहे. बहुतेकांचे नुकसान अभ्यासाच्या अभावापेक्षा हा नियम अर्धवट समजल्यामुळे होते, असे माझे ठाम मत आहे.

ही परीक्षा कोण घेते आणि तिच्यात किती विषय असतात?

ही परीक्षा घेणारी संस्था १९२८ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स या नावाने मुंबईत स्थापन झाली. आजच्या रचनेत परीक्षेला चार विषय आहेत. पहिला भारतीय अर्थव्यवस्था आणि वित्तीय व्यवस्थेचा, दुसरा बँकिंगची तत्त्वे आणि व्यवहार यांचा, ज्याला सगळे पीपीबी म्हणतात, तिसरा बँकरांसाठी लेखाकर्म आणि वित्तीय व्यवस्थापनाचा, म्हणजे एएफएम, आणि चौथा रिटेल बँकिंग व संपत्ती व्यवस्थापनाचा. प्रत्येक पेपर १०० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. तो संगणकावर घेतला जातो आणि त्यात साधारण १०० वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा मे-जूनच्या सुमारास आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास.

उत्तीर्ण होण्यासाठी एकूण किती गुण लागतात?

प्रश्न असा विचारला की उत्तर चुकण्याची शक्यता असते, कारण मूळ नियमात एकूण गुणांना स्थान नाही. प्रत्येक विषयात १०० पैकी ५० गुण मिळाले पाहिजेत आणि प्रत्येक विषयाचा निर्णय त्या विषयापुरताच होतो. पीपीबीमध्ये ७८ मिळाले म्हणून एएफएममधील ४३ भरून निघत नाहीत, आणि एएफएममध्ये ४३ मिळाले म्हणून पीपीबीचे यशही जात नाही. ज्या विषयात ५० किंवा अधिक गुण मिळाले, तो सुटला आणि पुढच्या प्रयत्नात त्याचे श्रेय कायम धरले गेले. ज्यात कमी मिळाले, तेवढाच विषय पुन्हा द्यायचा.

मग ४५ गुणांवरही पास होतात असे सहकारी सांगतात, ते खोटे आहे का?

खोटे नाही, पण ते जितके सांगतात तितके सोपेही नाही. नियमात एक सवलत आहे. उमेदवाराने एकाच प्रयत्नात सर्व विषय दिले असतील, प्रत्येक विषयात किमान ४५ गुण मिळवले असतील आणि सर्व विषयांची सरासरी ५० टक्के भरत असेल, तर त्याने परीक्षा पूर्ण केली असे जाहीर होते. चार विषयांचे ४०० गुण धरले तर ही सरासरी म्हणजे २०० गुण.

या सवलतीतील 'एकाच प्रयत्नात' हे शब्द अतिशय महत्त्वाचे आहेत. मागच्या वेळी सुटलेल्या विषयाचे गुण या बेरजेत आणता येत नाहीत. श्रेय पुढे चालते ते 'हा विषय उत्तीर्ण आहे' एवढ्याच अर्थाने. त्या विषयात मिळालेले जास्तीचे गुण दुसऱ्या विषयाला उसने देण्यासाठी पुढे येत नाहीत. म्हणून ज्याचा एक जरी विषय आधीच सुटलेला आहे, त्याच्यासाठी ४५ ची वाट बंद झालेली असते आणि उरलेल्या प्रत्येक विषयात त्याला पूर्ण ५० गुणच मिळवावे लागतात.

एखादे उदाहरण घेऊन हे समजावून सांगाल का?

गडहिंग्लजच्या शाखेत रोखपाल असलेल्या एका उमेदवाराचे कल्पित उदाहरण घेऊ आणि त्याचे तीन प्रयत्न क्रमाने पाहू.

पहिल्या प्रयत्नात त्याने चारही पेपर दिले. अर्थव्यवस्थेत ४६, पीपीबीमध्ये ५८, एएफएममध्ये ३९ आणि रिटेल बँकिंगमध्ये ५१ असे गुण आले. एएफएममध्ये ४५ पेक्षा कमी गुण असल्यामुळे सवलतीचा विचार करण्याची वेळच येत नाही. शिवाय बेरीज १९४ होते आणि तीही २०० पेक्षा कमीच आहे. म्हणून मूळ नियम लागू होतो. पीपीबी आणि रिटेल सुटले, अर्थव्यवस्था आणि एएफएम राहिले. अर्थव्यवस्थेतील ४६ गुणांना आता काहीही किंमत उरत नाही. पुढच्या वेळी तेथून पुढे मोजणी सुरू होत नाही, तर तो पेपर शून्यापासून द्यावा लागतो.

दुसऱ्या प्रयत्नात त्याने राहिलेले दोनच पेपर दिले. अर्थव्यवस्थेत ५२ आणि एएफएममध्ये ४७ गुण मिळाले. येथे तो कागद-पेन घेऊन हिशेब मांडतो. ५८, ५१, ५२ आणि ४७ यांची बेरीज २०८ होते, सरासरी ५२ टक्के येते आणि प्रत्येक विषयात ४५ च्या वर गुण आहेत, तेव्हा आपण पास व्हायला हवे असे त्याला वाटते. हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, कारण हे चार आकडे एका प्रयत्नातले नाहीत. अर्थव्यवस्था सुटली, एएफएम अजूनही राहिला. निकालानंतर सर्वाधिक तक्रारी याच जागी येतात आणि त्यात संस्थेची चूक नसते.

तिसऱ्या प्रयत्नात एकटा एएफएम दिला, ५० गुण मिळाले आणि परीक्षा पूर्ण झाली.

आता याच उमेदवाराला पहिल्याच वेळी एएफएममध्ये ३९ ऐवजी ४५ मिळाले असते तर काय झाले असते, हेही पाहण्यासारखे आहे. बेरीज बरोबर २०० झाली असती, प्रत्येक विषयात ४५ किंवा अधिक गुण असते आणि चारही विषयांसह परीक्षा त्याच दिवशी पूर्ण झाली असती. केवळ सहा गुणांच्या फरकामुळे त्याला एक वर्षाच्या आसपास जास्त काळ लागला.

मग पहिल्या प्रयत्नात दोनच विषयांची नीट तयारी करून बाकीचे दोन पुढच्या वेळी दिले तर चालेल का?

नियमाने चालते, कारण सुटलेले दोन विषय पुढे चालतातच. पण मी हा सल्ला कोणालाही देत नाही, आणि त्याला कारण आहे. दोनच पेपर दिले की ४५ गुणांची सवलत त्या प्रयत्नापुरती जाते, कारण सवलतीसाठी सर्व विषय एका प्रयत्नात दिलेले असावे लागतात. त्यातील एक जरी विषय सुटला तरी ती पुढच्या प्रयत्नांसाठीही जाते. परीक्षा शुल्कही प्रत्येक प्रयत्नाचे असते, प्रत्येक विषयाचे नसते, त्यामुळे दोन पेपर सोडून पैसे वाचतात असेही नाही.

चारही पेपर दिल्याने, दोन विषय कच्चे असले तरी, काहीही गमवावे लागत नाही. कच्च्या विषयात ३५ गुण मिळाले काय आणि तो दिलाच नाही काय, परिणाम एकच, म्हणजे तो विषय राहतो. मात्र त्या कच्च्या विषयांत अनपेक्षितपणे ४६-४७ मिळाले आणि पक्क्या दोन विषयांत ६० च्या आसपास गुण आले, तर एका फटक्यात परीक्षा पूर्ण होते. म्हणून पहिल्या प्रयत्नात चारही पेपरांना बसावे आणि प्रत्येक विषयात किमान ४५ पर्यंत पोहोचेल इतकी तयारी सर्वत्र समान करून ठेवावी.

सुटलेले विषय कायमचे सुटलेले राहतात का?

नाही. पहिल्या प्रयत्नासाठी अर्ज केल्यापासून तीन वर्षांची मुदत असते आणि त्या मुदतीत जास्तीत जास्त ५ प्रयत्न करता येतात. या मर्यादेत सर्व विषय सुटले नाहीत, तर नव्याने नोंदणी करून चारही विषय पहिल्यापासून द्यावे लागतात. पूर्वी सुटलेल्या विषयांचे श्रेय त्या नव्या नोंदणीत मिळत नाही, मग त्या विषयात ५० मिळालेले असोत किंवा ८०.

वर्षाला दोन याप्रमाणे तीन वर्षांत साधारण सहा परीक्षा येतात आणि प्रयत्न पाच मिळतात. म्हणजे एखादी परीक्षा सोडली तर विशेष बिघडत नाही, पण दोन-तीन परीक्षा सोडल्या की प्रयत्न शिल्लक असूनही मुदत संपते. अर्ज भरून शुल्क भरले आणि परीक्षेला गेलाच नाहीत, तर तो प्रयत्न वापरला गेला असेच समजून चालावे.

जिल्ह्यातील शाखांमध्ये ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, त्यातच दिवाळी येते आणि ग्रामीण शाखांमध्ये रजा मिळणे कठीण होते. मे-जूनची परीक्षा वार्षिक ताळेबंदाच्या धावपळीनंतर लगेच येते, त्यामुळे मार्च आणि एप्रिल हे अभ्यासाचे खरे महिने कामातच जातात. 'या वेळी नको, पुढच्या वेळी बघू' असे दोन्ही हंगामांत वाटत राहते आणि सुटलेले विषय मुदतीच्या कडेला येऊन ठेपतात. शेवटचा एकच विषय राहिलेल्या उमेदवाराने हंगाम न पाहता पुढच्याच परीक्षेला बसावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे तीन विषय असतात.

एक विषय राहिला आणि सहा महिन्यांनी पुन्हा देत आहे. मागच्या वेळच्या टिपणांवरून तयारी पुरेल का?

बहुतांश पुरेल, पण पूर्ण पुरणार नाही. नियामकांचे परिपत्रक आणि बँकिंगमधील घडामोडी कोणत्या तारखेपर्यंतच्या विचारल्या जातील, हे संस्थेने ठरवलेले आहे. फेब्रुवारी ते जुलै या काळातील परीक्षेसाठी आधीच्या ३१ डिसेंबरपर्यंतच्या बाबी धरल्या जातात, तर ऑगस्ट ते जानेवारी या काळातील परीक्षेसाठी ३० जूनपर्यंतच्या. म्हणजे मे महिन्यात राहिलेला विषय नोव्हेंबरमध्ये देताना मधल्या सहा महिन्यांतील बदल अभ्यासात येतात. अर्थव्यवस्था आणि पीपीबी या विषयांना याचा सर्वाधिक फटका बसतो. एएफएममधील लेखाकर्माची तत्त्वे सहा महिन्यांत बदलत नाहीत, मात्र त्यातील करआकारणीचा भाग पुन्हा तपासून घ्यावा.

एएफएममध्येच इतके उमेदवार का अडकतात?

कारण या विषयात वाचून लक्षात ठेवण्यापेक्षा गणिते सोडवण्याचे काम जास्त आहे, आणि कला किंवा विज्ञान शाखेतून आलेल्या सहकाऱ्यांचा लेखाकर्माशी आधी संबंध आलेला नसतो. त्यातच एक साधी पण महागात पडणारी अडचण असते, ती म्हणजे कॅल्क्युलेटरची. परीक्षेत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, टक्केवारी, वर्गमूळ आणि कर अधिक-उणे अशा आठ क्रियांपर्यंतचे, १२ अंकी साधे कॅल्क्युलेटर चालते. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर सराव केलेल्या उमेदवाराचा परीक्षेच्या खोलीत वेळ जातो.

उदाहरणार्थ, दरवर्षी १०,००० रुपये याप्रमाणे तीन वर्षे मिळणाऱ्या रकमेचे १० टक्के दराने आजचे मूल्य काढायचे आहे. साध्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.१ करून बरोबरचे बटण तीनदा दाबले की बहुतेक यंत्रांवर ०.७५१३ हा आकडा येतो. तो १ मधून वजा करून ०.१ ने भागला की २.४८६९ मिळतात आणि उत्तर सुमारे २४,८६९ रुपये येते. ही रीत ज्याच्या बोटांना सवयीची आहे, त्याचे प्रत्येक गणितामागे एक-दोन मिनिटे वाचतात. परीक्षेला जे यंत्र नेणार, त्यावरच महिनाभर सराव करावा, कारण बटणांची वागणूक प्रत्येक यंत्रात सारखी नसते.

उत्तर माहीत नसेल तर प्रश्न सोडून द्यावा का?

सोडू नये. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ५० ची रेषा प्रत्येक विषयाला स्वतंत्रपणे लागू असल्यामुळे या नियमाचा उपयोग फार मोठा आहे. सर्व प्रश्न एकेका गुणाचे आणि प्रत्येकाला चार पर्याय आहेत असे समजा. ज्याला ३४ उत्तरे खात्रीने येतात आणि जो उरलेल्या ६६ प्रश्नांवर नुसता अंदाज लावतो, त्याला त्या ६६ पैकी सरासरीने १६ ते १७ बरोबर येतील, म्हणजे तो ५० च्या काठावर पोहोचतो. तोच ६६ प्रश्न कोरे ठेवून उठला, तर ३४ वर थांबतो.

यात दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. सरासरी म्हणजे हमी नव्हे, ती चार-पाच गुणांनी खाली सहज येऊ शकते. आणि आपल्याला खात्री वाटणारी सगळीच उत्तरे बरोबर नसतात. म्हणून घरी सराव पेपर सोडवताना खात्रीच्या उत्तरांवर खूण करावी आणि नंतर केवळ त्याच उत्तरांचे गुण मोजावेत. ही संख्या ४५ च्या आसपास येऊ लागली की त्या विषयाची चिंता कमी करून दुसऱ्याकडे वळायला हरकत नाही.

गुणपत्रिकेवर श्रेणी मिळते का?

मिळते, पण ती पहिल्याच प्रयत्नात सर्व विषय सोडवणाऱ्यांना. त्यांची सरासरी ६० टक्के किंवा अधिक असल्यास प्रथम श्रेणी मिळते. सरासरी ७० टक्के किंवा अधिक असून प्रत्येक विषयात किमान ६० गुण असतील, तर विशेष प्राविण्य मिळते. ज्याचे विषय टप्प्याटप्प्याने सुटले, त्याला फक्त उत्तीर्ण असे प्रमाणपत्र मिळते. ज्यांना पुढे बढतीच्या मुलाखतीत श्रेणी दाखवायची आहे, त्यांच्यासाठी पहिला प्रयत्न गांभीर्याने घेण्याचे हे आणखी एक कारण आहे.

तीन विषय सुटले की वेतनवाढीचा काही भाग मिळतो का?

नाही. सुटलेला विषय हे परीक्षेअंतर्गत श्रेय आहे, अर्हता नव्हे. वेतनवाढीचा लाभ संपूर्ण परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरच विचारात घेतला जातो आणि तो आपल्या बँकेतील वेतन करारानुसार ठरतो. सहकारी बँकांतील कर्मचाऱ्यांनी आपल्या बँकेचे सेवानियम पाहावेत, राष्ट्रीयीकृत बँकेतील मित्राच्या सांगण्यावरून अंदाज बांधू नये.

सहकारी बँकेतील कर्मचारी या परीक्षेला बसू शकतात का?

आपली बँक संस्थेची सभासद असेल आणि आपण स्वतः सभासदत्व घेतले असेल, तर बसता येते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी बँकेच्या प्रशासन विभागाकडे चौकशी करावी.

एक विषय राहिला असताना सीएआयआयबीचा अर्ज भरता येईल का?

येणार नाही. सीएआयआयबीला बसण्यासाठी जेएआयआयबी पूर्ण झालेली असावी लागते, तीन विषयांचे श्रेय त्यासाठी पुरत नाही. सीएआयआयबीमध्ये चार अनिवार्य आणि एक ऐच्छिक असे पाच विषय असतात. तेथेही प्रत्येक विषयाला ५० ची स्वतंत्र रेषा, ४५ ची एका प्रयत्नापुरती सवलत आणि मुदतीपर्यंत चालणारे श्रेय अशीच व्यवस्था आहे. वर सांगितलेला हिशेब तेथे ४०० ऐवजी ५०० गुणांवर, म्हणजे २५० च्या रेषेने मांडावा.

माझे कोणते विषय सुटले आहेत आणि मुदत कधी संपते, हे कसे पाहावे?

प्रत्येक परीक्षेनंतरचा निकाल संस्थेच्या iibf.org.in या संकेतस्थळावर सभासद क्रमांक टाकून पाहता येतो. तो त्याच दिवशी छापून किंवा जतन करून ठेवावा आणि त्यावर पहिल्या अर्जाची तारीख स्वतःच्या हाताने लिहून ठेवावी. निकालात गुण दिसतात, मुदतीची आठवण मात्र आपल्यालाच ठेवावी लागते. पुढचा अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीचे नियमपत्रकही त्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे आणि त्यातील उत्तीर्णतेचे निकष व मुदत ही दोन कलमे मुळातून वाचावीत. अभ्यासक्रमाची रचना २०२३ साली बदलली आहे, आणि त्यापूर्वी तीन विषयांची परीक्षा दिलेल्या ज्येष्ठांनी सांगितलेला हिशेब आजच्या चार विषयांना जसाच्या तसा लागू होत नाही.